परदेशी नोकरीसाठी राजीनामा देताना या चुका टाळा

पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात मनुष्यबळ विभागाचे काम करताना परदेशी निघालेल्या इंजिनिअरांचे राजीनामे सतत माझ्या टेबलावर येतात आणि त्यांतील बहुतेक एकाच साच्यातले असतात. पहिल्या परिच्छेदात कंपनीचे आभार, दुसऱ्यात शिकायला मिळाल्याचे समाधान, तिसऱ्यात पुन्हा आभार. शेवटचा कामाचा दिवस कोणता आणि जाताना कोणती कागदपत्रे हवी आहेत, या दोनच गोष्टींसाठी हे पत्र लिहायचे असते. नेमक्या त्याच त्यात नसतात, किंवा असल्या तरी मोघम असतात. पुण्यातच दुसऱ्या कंपनीत जाणारा माणूस राहिलेला कागद घ्यायला एखाद्या शनिवारी गेटवर येऊ शकतो. दुबईला किंवा म्युनिकला गेलेल्याला ती सोय उरत नाही, म्हणून त्याच्या पत्रात ही ढिलाई चालत नाही.

‘नियमानुसार नोटीस पिरियड पूर्ण करीन’ असे लिहून सोडून देणे

ही चूक सर्वांत जास्त होते आणि खिशाला सर्वांत जास्त लागते. एका पाइपिंग इंजिनिअरचे उदाहरण सांगतो. त्याला आखातातील एका प्रकल्पावर ९ जूनला रुजू व्हायचे होते. त्याच्या नेमणूकपत्रात नोटीस पिरियड ९० दिवसांचा होता, म्हणून त्याने ४ मार्चला साहेबांना ईमेलने राजीनामा पाठवला. त्यात ‘नियमानुसार ९० दिवस पूर्ण करीन’ एवढेच लिहिले होते, तारीख लिहिलेली नव्हती. त्याने मनातल्या मनात ५ मार्च हा पहिला दिवस धरला. तसे मोजले तर मार्चचे २७, एप्रिलचे ३०, मेचे ३१ आणि जूनचे २ दिवस मिळून ९० होतात, म्हणजे २ जून हा शेवटचा दिवस येतो. त्या हिशेबाने त्याने ६ जूनचे तिकीट काढले.

कंपनीचा हिशेब वेगळा निघाला. तिच्या धोरणात राजीनामा पोर्टलवर नोंदवून वरिष्ठाने तो स्वीकारल्याच्या दुसऱ्या दिवसापासून नोटीस सुरू होते, असे लिहिले होते. त्याने पोर्टलवरची नोंद चार दिवसांनी केली, साहेब दौऱ्यावर होते आणि स्वीकृती आली १२ मार्चला. तिथून मोजल्यावर शेवटचा दिवस १० जून आला. हे त्याला कळले मेच्या अखेरीस, कार्यमुक्तीची तारीख विचारायला तो आमच्याकडे आला तेव्हा. मधल्या आठ दिवसांचे पैसे भरून त्याला सुटका करून घ्यावी लागली आणि नव्या मालकाने त्याची भरपाई दिली नाही. हिशेबाच्या पहिल्या कागदात तर त्या रकमेवर १८ टक्के जीएसटीही लावलेला होता. तो लागत नाही, हे केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलेले आहे. ते परिपत्रक दाखवल्यावर तेवढा आकडा निघाला. वसुलीचे उरलेले पैसे मात्र द्यावेच लागले.

राजीनामा लिहायला बसण्यापूर्वी नेमणूकपत्र आणि त्यानंतरची प्रत्येक बढतीची व पगारवाढीची पत्रे काढून वाचावीत. रुजू होताना एक महिन्याचा असलेला नोटीस पिरियड बढतीच्या पत्रातील एका ओळीने तीन महिन्यांचा झालेला असतो आणि ती ओळ कोणी वाचलेली नसते. ९० दिवस आणि तीन महिने यांत एकदोन दिवसांचा फरक पडतो, तोही पाहावा. मोजणी कधीपासून सुरू होते आणि दिवस कमी पडले तर वसुली मूळ पगारावर होणार की एकूण पगारावर, हेही तिथेच किंवा धोरणाच्या पुस्तिकेत सापडते. ईमेल आणि पोर्टलवरची नोंद एकाच दिवशी करावी. मग पत्रात तारीख आकड्यांत आणि महिना अक्षरांत लिहावा. ही माझी जुनी सवय आहे, कारण ०२/०६ याचा अर्थ काही देशांत ६ फेब्रुवारी होतो आणि हीच कागदपत्रे पुढे तिकडे दाखवायची असतात.

पत्र बहुतेक जण इंग्रजीत देतात आणि त्याला हरकत नाही. त्यातला मुख्य परिच्छेद मात्र या अर्थाचा असावा:

> माझ्या नेमणूकपत्रातील अटीनुसार ९० दिवसांची नोटीस मी आज, ४ मार्च रोजी देत आहे. माझ्या मोजणीनुसार माझा शेवटचा कामाचा दिवस २ जून आहे. आपल्या मोजणीनुसार ही तारीख वेगळी येत असल्यास सात दिवसांच्या आत मला लेखी कळवावे, ही विनंती.

यातले शेवटचे वाक्य अनेकांना उद्धट वाटते आणि ते ते गाळतात. गाळू नये. तारखेवरचा वाद मार्चमध्ये निघाला तर तिकीट काढायचे बाकी असते, मे महिन्यात निघाला तर ते हातात असते.

अनुभव प्रमाणपत्र शेवटच्या दिवशी तोंडी मागणे

ही चूक मला जास्त अस्वस्थ करते, कारण तिचा फटका बसतो तेव्हा माणूस कित्येक वर्षे पुढे गेलेला असतो. शेवटच्या दिवशी लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा करताना ‘ते अनुभवाचे पत्र तेवढे पाठवून द्या’ असे सांगितले, की संगणकातून ठरावीक नमुना निघतो: अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत सीनियर इंजिनिअर या पदावर आमच्याकडे कामास होती, तिची वर्तणूक चांगली होती, पुढील वाटचालीस शुभेच्छा. खाली ‘संगणकनिर्मित प्रत असल्याने सहीची आवश्यकता नाही’ अशी ओळ असते. दुसऱ्या भारतीय कंपनीत रुजू व्हायला हा कागद पुरतो. परदेशात तो अनेकदा पुरत नाही.

चाकणजवळच्या एका कारखान्यातला गुणवत्ता विभागाचा इंजिनिअर असाच कागद घेऊन आखातात गेला. तिथे त्याचे काही अडले नाही. काही वर्षांनी त्याने कॅनडाच्या कायम निवासासाठी अर्ज करायचे ठरवले आणि तिथे अनुभवाच्या पत्राकडून काय अपेक्षा असते, ते त्याने प्रथमच वाचले. पत्र कंपनीच्या लेटरहेडवर हवे, त्यावर कंपनीचा पत्ता, दूरध्वनी आणि ईमेल हवा, आणि वरिष्ठाची किंवा मनुष्यबळ अधिकाऱ्याची नाव व पदासह सही हवी. भूषवलेली सर्व पदे, प्रत्येक पदाच्या तारखा, प्रत्यक्ष जबाबदाऱ्या, आठवड्याचे कामाचे तास, वार्षिक पगार आणि इतर लाभ त्यात नोंदवलेले हवेत. त्याच्याकडच्या कागदावर यांपैकी फक्त तारखा आणि शेवटचे पद होते. पद म्हणावे तर तेही कंपनीच्या अंतर्गत श्रेणीचे नाव होते. ‘सीनियर इंजिनिअर’ एवढ्यावरून तो माणूस पुरवठादारांचे ऑडिट करत होता की ड्रॉइंग काढत होता, हे कोणालाही कळणार नाही.

तोवर कारखाना दुसऱ्या कंपनीत विलीन झाला होता, जुने वरिष्ठ निवृत्त झाले होते आणि नव्या व्यवस्थापनाचे उत्तर आले की एकदा दिलेले प्रमाणपत्र बदलून मिळत नाही. अखेर निवृत्त वरिष्ठांकडून जबाबदाऱ्यांचे स्वाक्षरी केलेले निवेदन, नेमणूकपत्र, बढतीची पत्रे, पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६ असे सगळे गोळा करून, मूळ पत्र का मिळू शकत नाही याच्या लेखी खुलाशासह त्याने अर्ज पाठवला. अर्ज मार्गी लागला, पण त्यात महिने गेले. पगाराच्या स्लिपा जपून ठेवण्याची सवय त्याला नसती, तर तेही जमले नसते.

म्हणून प्रमाणपत्राची मागणी राजीनाम्याच्या पत्रातच, स्वतंत्र परिच्छेदात आणि तपशिलासह करावी. कार्यमुक्ती पत्र आणि अनुभव प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. पहिला तुम्ही सेवेतून मोकळे झाल्याचे सांगतो, दुसरा तुम्ही काय काम केले ते सांगतो. दोन्ही नावे घेऊन मागावेत:

> कार्यमुक्ती पत्राबरोबरच मला लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह अनुभव प्रमाणपत्र द्यावे. त्यात माझी सर्व पदे व त्यांच्या तारखा, मुख्य जबाबदाऱ्या, आठवड्याचे कामाचे तास आणि वार्षिक पगार नमूद करावा. जबाबदाऱ्यांचा मसुदा सोबत जोडला आहे.

हा मसुदा स्वतः लिहून जोडणे फार महत्त्वाचे आहे. मनुष्यबळ विभागातल्या माणसाला तुमच्या कामाची बारीक माहिती नसते आणि वरिष्ठाला लिहायला वेळ नसतो, त्यामुळे तयार मजकूर समोर आला तरच काम पुढे सरकते. पाच-सहा वाक्ये पुरतात. ‘गुणवत्तेची जबाबदारी सांभाळली’ असे लिहू नये. कोणत्या भागांची तपासणी केली, पुरवठादारांचे ऑडिट केले का, हाताखाली किती माणसे होती, असे लिहावे. जे केले तेवढेच लिहावे. मसुदा फुगवला की वरिष्ठ सहीला कचरतो आणि सगळेच अडकते. प्रमाणपत्रात पगार लिहायचा नाही असे काही कंपन्यांचे धोरण असते. तसे असेल तर पगाराचे वेगळे पत्र मागून घ्यावे. हे सगळे नोटीसच्या पहिल्याच महिन्यात हाती घ्यावे, शेवटच्या आठवड्यात कोणालाही तुमच्यासाठी सवड नसते.

इंटरनेटवरून उतरवलेल्या नमुन्यावर नाव बदलून सही करणाऱ्यांना मी नेहमी परत पाठवतो. त्या नमुन्याला तुमच्या नेमणूकपत्रातली अट ठाऊक नसते.

ऑफर लेटर आले की त्याच संध्याकाळी राजीनामा देणे

उतावळेपणाचा हा प्रकार तरुणांत फार दिसतो. परदेशी ऑफर बहुधा व्हिसा मिळण्याच्या अटीवर असते. जर्मनीसारख्या देशात नोकरीसाठी जायचे तर इथूनच व्हिसा पासपोर्टवर लागावा लागतो, आणि तो कधी लागेल ते ना तुमच्या हातात असते ना नव्या मालकाच्या. इकडची नोटीस संपली आणि तिकडचा व्हिसा आला नाही, तर मधले महिने बिनपगारी जातात. राजीनामा मागे घेऊ देणे खासगी कंपनीत बहुतांशी तिच्या मर्जीवर असते आणि तोवर तुमच्या जागी माणूस ठरलेला असतो. माझे मत ठाम आहे: व्हिसा हातात आल्यावर पत्र द्यावे आणि रुजू होण्याची तारीख नोटीस पिरियड धरूनच ठरवून घ्यावी. तीन महिन्यांची नोटीस जर्मन मालकाला नवलाची वाटत नाही, तिथेही ती सर्रास असते. प्रवेशाची अपेक्षित तारीख व्हिसाच्या अर्जात भरायची असते, तीही याच हिशेबाने भरावी.

बाकीच्या चुका

राजीनाम्याचे कारण एका ओळीत द्यावे. नव्या कंपनीचे नाव, पगार आणि देश लिहिण्याची गरज नसते.

जुन्या तक्रारी या पत्रात आणू नयेत, त्यासाठी निर्गमन मुलाखत असते.

‘तात्काळ प्रभावाने’ हे शब्द नोटीस देणाऱ्याने वापरू नयेत, ते नोटीस न देणाऱ्याचे आहेत.

नोटीसच्या काळात शिल्लक रजा घेतली तर काही कंपन्या तेवढे दिवस पुढे ढकलतात, म्हणून रजा टाकण्याआधी विचारून घ्यावे.

पत्राखाली वैयक्तिक ईमेल द्यावा आणि पुढचा पत्रव्यवहार त्यावर करण्याची विनंती करावी. कंपनीचा ईमेल शेवटच्या संध्याकाळी बंद होतो आणि प्रमाणपत्र त्यानंतर त्याच पत्त्यावर पाठवले गेल्याचे मी पाहिले आहे.

भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावर कंपनी तुमची नोकरी सोडल्याची तारीख कधी नोंदवणार आणि ती निधीच्या पोर्टलवर कधी दिसेल, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे. कंपनीने ती नोंदवली नाही, तर दोन महिन्यांनी सदस्याला स्वतः नोंदवता येते, पण त्यासाठीचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. ते भारतीय सिम बंद पडले असेल तर परदेशात बसून काहीच करता येत नाही. तो क्रमांक चालू ठेवून आणि रोमिंग तपासूनच विमानात बसावे.