कोर्सच्या पानावर लोक येतात, पण नाव नोंदवत नाहीत? या चुका टाळा

तासगावचा एक बागायतदार रात्री जेवण उरकून मोबाइलवर जाहिरात बघतोय असं धरा. जाहिरात विचारते, "फुलोऱ्यात पाऊस आला तर डाऊनीपासून घड कसे वाचवाल?" तो बोट लावतो. पान उघडतं आणि वर ठळक अक्षरात दिसतं: "प्रगत द्राक्ष व्यवस्थापन: सर्वसमावेशक ऑनलाइन प्रशिक्षण". डाऊनी नाही, फुलोरा नाही, पाऊसही नाही. आपण चुकीच्या ठिकाणी आलो असं त्याला वाटतं आणि तो मागे फिरतो.

बऱ्याच नोंदण्या याच जागी गळतात. जाहिरातीतला मुख्य शब्द पानाच्या मथळ्यात जसाच्या तसा यायला हवा. डाऊनी, घड जिरणे आणि मणी फुगवण अशा तीन जाहिराती चालू असतील तर पानाच्या तीन प्रती करा. मथळा आणि पहिला परिच्छेद तेवढा बदला, खालचा मजकूर एकच ठेवा.

आता मथळा दुरुस्त करू. वरच्या ओळीत कोर्सचं वर्णन आहे, बागायतदाराची अडचण नाही. "सर्वसमावेशक" म्हटल्यावर नेमकं काय मिळणार ते कळत नाही. त्याऐवजी असं लिहा:

ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी कशी रोखायची: पोंगा ते फुलोरा, ४५ दिवसांचा वर्ग

खाली बारीक अक्षरात: "तुमची छाटणी १ ते २० ऑक्टोबरदरम्यान असेल तर हा वर्ग तुमच्यासाठी. मंगळवार आणि शुक्रवार, रात्री ८ ते ९, मोबाइलवर. हुकला तर दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग."

छाटणीची तारीख घातल्याने आगाप छाटणी करणारे गळतील, आणि ते बरंच आहे. त्यांची बाग तोवर पुढच्या अवस्थेत गेलेली असेल, त्यांना हा वर्ग उपयोगाचा नाही. ज्यांना तारीख लागू पडते त्यांना मात्र हे आपल्यासाठीच आहे हे एका नजरेत समजतं.

मोह आवरायची एक जागा आहे. "डाऊनी १०० टक्के बंद" किंवा "उत्पन्न दुप्पट" असं लिहू नका. सलग पाऊस आणि पानांवर टिकणारा ओलावा असला की रोग वाढतो, हे बागायतदार दर हंगामात डोळ्यांनी बघतो. असा दावा वाचला की बाकीच्या खऱ्या मजकुरावरचाही त्याचा विश्वास उडतो. फवारणीचा निर्णय कधी आणि कशावरून घ्यायचा हे शिकवणार असाल, तर तेवढंच सांगा.

बटण दाबतात, पण फॉर्म अर्धवट सोडतात

इथे मथळ्याचा दोष नसतो, त्यामुळे तो बदलत बसू नका. फॉर्ममध्ये ईमेल, पत्ता, एकूण क्षेत्र, वाण असं सगळं विचारलेलं असतं. नोंदणीला नाव आणि व्हॉट्सॲप नंबर पुरतो. वाण आणि छाटणीची तारीख नंतर मेसेजवर विचारा. बटणावर "सबमिट" लिहू नका, "माझी जागा नोंदवा" लिहा. फी असेल तर ती बटणाच्या वरच दाखवा. नंबर दिल्यावर फी कळली तर माणूस फसवल्यासारखा वागतो, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

ग्रुपवरची लिंक

द्राक्षाच्या ग्रुपवर लिंक टाकली की दिसणारा छोटा चौकोन हाच तिथला मथळा असतो. तो पानाच्या कोडमधून येतो. तिथे "Home" राहिलं असेल तर चौकोनात तेच दिसेल.

```html
<meta property="og:title" content="ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी कशी रोखायची">
```

मथळा फोनवर उघडून बघाच. ओळींमधलं अंतर इंग्रजी अक्षरांच्या मापाने ठेवलं की वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांवर चढतात. `line-height` १.४ च्या आसपास ठेवून पुन्हा पाहा.

बदल लागू पडला हे कशावरून?

समजा ४०० जणांनी पान पाहिलं आणि १२ जणांनी नाव नोंदवलं, म्हणजे ३ टक्के. मथळा बदलल्यावर पुढच्या ४०० मध्ये १६ आले. एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. ३ टक्क्यांचे ४ झाले हे खात्रीने सांगायला प्रत्येक मथळ्यामागे साधारण ५,००० माणसं लागतात. ३ चे ६ झाले असतील तर ७५०-८०० पुरतात. एका हंगामाच्या कोर्सला ५,००० चा आकडा क्वचितच गाठता येतो. म्हणून शब्द इकडेतिकडे करण्यात दिवस घालवू नका. "प्रगत व्यवस्थापन" विरुद्ध "डाऊनी, ४५ दिवस" असे ठळक वेगळे दोन मथळे एकाच आठवड्यात, अर्ध्या-अर्ध्या लोकांना दाखवा. आधी एक आणि पाऊस पडल्यावर दुसरा असं केलंत तर नोंदण्या मथळ्याने वाढल्या की पावसाच्या धास्तीने, ते कळणार नाही.