सातही टाइल्स एकदम लावायच्या असतील तर आधी हूक शोधा (भुसावळचा अनुभव)

स्क्रॅबल मी मामाकडे शिकलो, भुसावळला, रेल्वे क्वार्टरमध्ये. सुरुवातीला हातात सात अक्षरांचा शब्द जुळला की मी उड्या मारायचो पण बोर्डावर तो बसायचाच नाही, आणि जागाच नसेल तर सातही टाइल्स एकदम लावल्यावर मिळणाऱ्या त्या 50 बोनसचा काय उपयोग.

एक डाव अजून लक्षात आहे. मामाने पहिल्या चालीत चांदणीच्या घरापासून आडवा 'लीन' लावला, म्हणजे एल-ई-ए-एन. माझ्याकडे सी-ई-आर-टी-ए-आय-एन, म्हणजे सरळ 'सर्टन'. मी घाईत तो लीनच्या बरोबर खाली आडवा ठेवून दिला. मामा म्हणाला, "हाई काय करी ऱ्हायना तू? एल खाली सी, हा कोणता शब्द?" चॅलेंज झालं, टाइल्स उचलल्या, चाल गेली, शून्य. शेजारी लागणारं प्रत्येक अक्षर उभं-आडवं वाचलं जातं हे तेव्हा कळलं.

बसवायचा कसा ते मग मामानेच दाखवलं. आधी हातातला शब्द विसर, बोर्डावरचा बघ, त्याच्या पुढेमागे एक अक्षर लागून नवा शब्द होतो का? लीनच्या आधी सी लावला की 'क्लीन'. हाच हूक. सर्टन सुरूच सी ने होतो, म्हणून सी लीनच्या डावीकडे ठेवायचा आणि बाकीची सहा अक्षरं तिथून खाली. खालच्या ओळींमध्ये शेजारी काहीच नाही, त्यामुळे अडत नाही.

हिशोब: सर्टनचे 9, त्यात ई आणि आय डबल लेटरवर पडतात म्हणून 11, क्लीनचे 7, बोनस 50, एकूण 68. क्लीन चांदणीवरून जातो म्हणून मी त्याचे डबल मोजले होते, तसं नसतं, ते घर पहिल्या चालीतच वापरून झालं.

शेवटी टी लावून 'लेंट' पण होतं, एल-ई-ए-एन-टी, मग सर्टनचा टी तिथे येईल असा शब्द उभा ठेवायचा, पण 66 च होतात. आणि गंमत म्हणजे एल धरून उभा 'क्लॅरिनेट' पण बसतो! 61. दिसायला भारी, पण त्याच्या टीच्या खाली लगेच ट्रिपल वर्डचं घर आहे, समोरच्याने तिथे एस टाकला की क्लॅरिनेट्सचे तिप्पट त्याचे. सर्टनला एस लागत नाही, तो बंदच.

एसच्या भरवशावर राहू नका भो, शंभर टाइल्समध्ये एस फक्त 4 आहेत. मी एक वही केली, नेहमी पडणाऱ्या चार अक्षरी शब्दांची, डावीकडे आधी लागणारी अक्षरं, उजवीकडे नंतरची. लीनच्या ओळीत डावीकडे सी आणि जी, उजवीकडे एस आणि टी. मामाने ती वही बघितली आणि पुढच्या डावात माझ्यासमोर लीन काही लावला नाही.