सात खंडांचा एक तक्ता: लेखातला आलेख सगळ्यांना वाचता यावा म्हणून

सात खंडांचं क्षेत्रफळ वाचकाला दाखवायचं आहे असं धरू. कोटी चौरस किलोमीटरमध्ये ढोबळ आकडे असे: आशिया ४.४६, आफ्रिका ३.०४, उत्तर अमेरिका २.४७, दक्षिण अमेरिका १.७८, अंटार्क्टिका १.४२, युरोप १.०२ आणि ओशिनिया ०.८५.

आधी एक वाक्य लिहा: या आकड्यांतून काय कळतं? आशिया आणि आफ्रिका मिळून ७.५० होतात आणि एकूण बेरीज १५.०४ आहे. म्हणजे "जगातली जवळपास निम्मी जमीन दोनच खंडांत आहे." हेच आलेखाचं शीर्षक. "खंडनिहाय क्षेत्रफळ" असं शीर्षक दिलं, तर काय पाहायचं ते वाचकाला स्वतः शोधावं लागतं.

आता प्रकार निवडा. इथे पाय चार्टचा मोह होतो, पण त्यात दक्षिण अमेरिकेचा कोन साधारण ४३ अंश आणि अंटार्क्टिकाचा ३४ अंश येतो. हे दोन तुकडे शेजारी नसतील तर मोठा कोणता, हे नुसत्या नजरेने ठरवणं अवघड. शिवाय सात तुकड्यांना सात रंग लागतात. त्यापेक्षा आडवे बार घ्या आणि मोठ्यापासून लहानापर्यंत लावा. आडव्या बारमध्ये "उत्तर अमेरिका" हे नाव तिरकं न करता सरळ लिहिता येतं.

बारचा अक्ष शून्यापासूनच सुरू करा, यात सवलत नाही. तो ०.५ पासून सुरू केला तर आशियाचा बार ३.९६ आणि ओशिनियाचा ०.३५ एवढा उरतो, म्हणजे आशिया अकरा पट दिसतो. खरा फरक सव्वापाच पट आहे. स्प्रेडशीट कधीकधी हा अक्ष आपणहून कापते, म्हणून डावीकडचा पहिला आकडा तपासा.

रंगांच्या बाबतीत मी कंजूषपणाच सुचवेन. आशिया-आफ्रिका गडद निळे, बाकीचे पाच राखाडी. लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्यालाही गडद-फिकट कळतं. मात्र राखाडी फार फिकट नको. वेब सुलभतेच्या WCAG निकषांनुसार आलेखाच्या आकारांचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ३:१ आणि नेहमीच्या आकाराच्या अक्षरांचा ४.५:१ हवा. पांढऱ्यावर #949494 हा राखाडी बारसाठी जेमतेम पास होतो, #CCCCCC नापास होतो. रंगांची वेगळी सूची ठेवू नका. नाव बारच्या डावीकडे आणि आकडा टोकाशी लिहा. मग उभ्या रेघाही काढून टाकता येतात.

सगळ्यात जास्त घोटाळा अक्षरांच्या आकारात होतो. १२०० पिक्सेल रुंदीचं चित्र ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर ०.३ पट होतं, म्हणजे १६ पिक्सेलची अक्षरं पाचहूनही लहान. मोबाइलवर १२ पिक्सेल दिसायला हवीत, तर मूळ चित्रात ४० ठेवा. एवढी मावत नसतील तर चित्रात मजकूर जास्त झाला आहे. देवनागरीत ओळींमधलं अंतरही थोडं वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात.

आता पडद्यावरचा मजकूर ऐकून वाचणाऱ्यांसाठी. चित्राऐवजी वाचून दाखवल्या जाणाऱ्या `alt` मजकुरात "आलेख" एवढंच लिहिलं तर त्यांच्या हाती काहीच लागत नाही. आलेखाचा प्रकार आणि निष्कर्ष लिहा. सगळे आकडे तिथे कोंबू नका.

```html
<figure lang="mr">
  <img src="khand.png" alt="बार आलेख: जगातली जवळपास निम्मी जमीन आशिया आणि आफ्रिकेत. सर्वात लहान ओशिनिया.">
  <figcaption>क्षेत्रफळ, कोटी चौ. किमी. आकडे खालच्या तक्त्यात.</figcaption>
</figure>
```

चित्राखाली सातही आकड्यांचा खराखुरा HTML तक्ता द्या, तक्त्याचा फोटो नको. स्क्रीन रीडरला त्यात रांगेने फिरता येतं आणि इतर वाचकांना आकडे कॉपी करता येतात.

याच आकड्यांचं इन्फोग्राफिक करताना बारऐवजी वर्तुळं वापरणार असाल, तर एक हिशेब सांभाळा. आशियाचं वर्तुळ ओशिनियाच्या सव्वापाच पट रुंद केलं, तर त्याचं क्षेत्रफळ सत्तावीस पटींहून जास्त होतं. व्यास सव्वापाचच्या वर्गमूळाइतका, म्हणजे साधारण २.३ पट घ्यायचा. नकाशातली चिन्हं किंवा माणसांची चित्रं लहान-मोठी करतानाही हाच नियम लागतो. वर्तुळांवरून प्रमाण बारइतकं अचूक कळत नाही, म्हणून आकडे सोबत लिहाच. लांबलचक स्पष्टीकरण मात्र चित्रात नको, ते लेखाच्या मजकुरात असू द्या. चित्रातली अक्षरं मोठी करायला गेलं की वाचकाला ओळ आडवी सरकवत वाचावी लागते.

प्रसिद्ध करण्याआधी चित्र कृष्णधवल करून मोबाइलवर उघडा. मग फोनमधला टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर सुरू करून तो भाग ऐका. फाइलचं नाव ऐकू आलं, तर `alt` राहून गेला आहे.