ग्रुपवरच्या गमतीतून सेवापूर्तीचं भाषण कसं लिहावं

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'सरांच्या आठवणी टाका' एवढं लिहिलं की संध्याकाळपर्यंत ढीगभर मेसेज जमतात. त्यातल्या तीनच निवडा. तीन मिनिटांत चौथी मावत नाही. आजारपण, पगार, वरिष्ठतेचे वाद आणि रंगरूपावरचे विनोद लगेच खोडा. 'ज्ञानाचा अथांग सागर' छापाची वाक्यंही नकोत, ती कोणत्याही सरांना चालतात.

खरी अडचण पुढे येते. ग्रुपवरचा विनोद व्यासपीठावरून जसाच्या तसा वाचायचा नसतो. मी एकदा वाचला होता: 'ऑफ तासाला सर डुलकी काढायचे.' मागे बसलेला स्टाफ हसला, पण पुढच्या रांगेत सरांच्या पत्नींनी मान खाली घातली. त्या वर्षी सर रात्र-रात्र आईच्या उशाशी जागत होते, हे मला नंतर कळलं. मी आधी विचारायला हवं होतं.

म्हणून विनोद टाकणाऱ्याला फोन करा आणि एवढंच विचारा, 'नेमकं काय झालं होतं?' ग्रुपवर आलेलं असतं ते शेरा मारल्यासारखं, भाषणाला प्रसंग लागतो. समजा मेसेज असा आहे: 'सर एक नंबरचे कंजूस, खडूचा तुकडासुद्धा सोडत नाहीत 😂'. फोनवर कळतं की ते तुकडे एका डब्यात जमायचे आणि पाचवीची मुलं मधल्या सुट्टीत ते मागून न्यायची. मग भाषणात असं येईल:

'सरांच्या खणात खडूच्या तुकड्यांचा एक डबा असायचा. त्यावरून आम्ही त्यांना खूप चिडवलं. मधल्या सुट्टीत पाचवीची मुलं व्हरांड्याच्या फरशीवर भागाकार करायची, ते याच तुकड्यांनी.'

'कंजूस' हा शब्द गेला, तरी चिडवणं राहिलं. ते राहू द्याच. ते काढलंत तर सरांना त्यात आपली स्टाफरूम ओळखू येणार नाही. क्रमही हाच ठेवा: आधी डबा, मग चिडवणं, मुलं शेवटी. मुलं आधी आली की चिडवणं कुजकं वाटतं. सरांचं ठरलेलं वाक्य असेल तर ते त्यांच्याच बोलीत ठेवा, प्रमाणभाषेत धुऊन काढू नका.

आणखी एक चूक जवळजवळ प्रत्येक भाषणात ऐकू येते. 'सर अतिशय शिस्तप्रिय होते, प्रेमळ होते.' सर समोर शाल पांघरून बसलेत आणि आपण शोकसभा भरवतो! घडलेला प्रसंग भूतकाळात सांगा, स्वभाव मात्र वर्तमानात: 'सर शिस्तीचे आहेत.' लिहून झाल्यावर प्रत्येक 'होते'खाली रेघ मारून तपासा.

आदल्या दिवशी ज्याचा विनोद घेतलाय त्याला तो भाग वाचून दाखवा. त्याचं नाव घ्यायचं की 'एका सहकाऱ्यांनी' म्हणायचं, ते त्याला ठरवू द्या. समारंभात तिसरा प्रसंग संपला की एका वाक्यात शुभेच्छा द्या आणि खाली बसा. आभार मानायला दुसरं कोणीतरी असतं.