आफ्रिकन स्वाइन फीवर: पहिल्या मेलेल्या डुकरापासून खड्डा बुजवेपर्यंत

सिन्नरच्या बाजूला चार गाळ्यांत 20 मोठी डुकरे आहेत आणि खाद्य नाशिकच्या हॉटेलांतले खरकटे, असे धरू. दुसऱ्या गाळ्यातली एक मादी खाणे सोडते, ताप 41 अंश, कान आणि पोटाखालची कातडी लालसर-जांभळी होते, आणि दोन दिवसांत मरते. शेजारची जनावरे ठणठणीत दिसतात, म्हणून विषबाधा असावी असे सगळे म्हणतात. इथेच घात होतो. हा विषाणू सुरुवातीला गाळ्यागाळ्याने सरकतो, आणि लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला चार दिवसांपासून जवळपास तीन आठवडे लागू शकतात.

क्लासिकल स्वाइन फीवरही बाहेरून असाच दिसतो. त्याची लस आहे. आफ्रिकन प्रकाराला औषध नाही. 2020 साली तो भारतात पहिल्यांदा आसाम-अरुणाचलात सापडला. डोळ्यांनी फरक कळत नाही, प्रयोगशाळेतच कळतो. तरी लसीकरण झालेल्या कळपात भराभर मरतूक लागली, तर संशय आफ्रिकनवरच घ्यावा. माणसाला यातला कोणताच ताप होत नाही.

नवखा माणूस पहिले काय करतो, तर आजारी डुक्कर ओढून लांबच्या शेडमध्ये नेतो. हे करू नका. आजारी जनावराच्या रक्तात विषाणू सर्वांत जास्त असतो, आणि ओढताना नाकातोंडातले रक्त आणि विष्ठा वाटभर सांडते. विलगीकरण म्हणजे जनावर जिथे आहे तिथेच ठेवून माणसांची आणि वस्तूंची ये-जा थांबवणे. त्या गाळ्याला एकच माणूस, त्याचे गमबूट, फावडे आणि बादली वेगळी. निरोगी गाळे आधी, आजारी गाळा शेवटी. मलमूत्राचे पाणी दुसऱ्या गाळ्यातून वाहत असेल तर मातीचा बांध घालून अडवा. सगळ्या डुकरांना एकाच सुईने अँटिबायोटिक टोचणे म्हणजे रोग स्वतःच्या हाताने वाटणे. खरकटे त्याच दिवशी बंद करा, आणि कुत्री-कावळे मेलेल्या जनावरापर्यंत पोचू देऊ नका.

त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात किंवा 1962 या हेल्पलाइनवर कळवा. पोट फाडून बघायचा मोह आवरा. नमुने डॉक्टरच घेतात: ताप असलेल्या जिवंत डुकराचे रक्त, मेलेल्याची प्लीहा आणि लसिकाग्रंथी. ते बर्फाच्या पेटीतून जातात. अहवाल येईपर्यंत एकही डुक्कर विकू नका. खाटिक अशा वेळी निम्म्या भावात न्यायला तयार असतो, आणि साथ नेमकी अशाच सौद्यांतून पुढच्या गावात जाते. शिवाय भरपाई मिळते ती सरकारी पथकाने मारलेल्या जनावरांची, आधीच मेलेल्यांची नव्हे. म्हणून वजन, वय आणि गाळा लिहिलेली वही तयार ठेवा. रोग पक्का झाला की साधारण एक किलोमीटरचा परिसर बाधित क्षेत्र ठरतो आणि त्यातली डुकरे मारली जातात.

खड्ड्याचा अंदाज असा. मोठी पाच डुकरे मावायला सुमारे 14 चौरस फूट तळ लागतो, म्हणजे 20 डुकरांना 56. तळ दहा बाय सहा फूट आणि खोली नऊ फूट धरली तर मृतदेहांवर सहा फुटांच्या आसपास माती येते. जागा शेडच्या आवारातच हवी, पण विहीर, बोअर, ओढा यांपासून लांब. सिन्नरकडे चार-पाच फुटांवर काळा दगड लागू शकतो, इगतपुरीकडे पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरते. म्हणून जेसीबीने आधी एक चाचणी खड्डा घ्या. दगड लागला म्हणून उथळ पुरणे चालत नाही, कुत्री उकरतात. अशा वेळी दुसरी जागा पथकाला विचारून ठरवावी.

नाकातोंडात आणि गुदद्वारात जंतुनाशकात भिजवलेला कापूस कोंबून, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून जनावर न्या, घसटत नेऊ नका. उरलेले खाद्य आणि आंथरलेला भुसाही त्याच खड्ड्यात जातो. चुन्याचा पातळ थर पुरे. ढीगभर टाकला तर कुजणेच मंदावते. वरची माती रोलरने दाबू नका, कारण आत वायू धरतो आणि माती फुटून रस वर येतो. उंचवटा करून सोडा आणि खचेल तशी माती भरा.

शेड धुताना चूक क्रमात होते. शेणावर ब्लीच ओतले तर ते शेणातच वाया जाते. आधी जंतुनाशक शिंपडून घाण ओली करा, खरवडा, साबणाने घासा, पाण्याने काढा, वाळू द्या आणि मगच दोन टक्के कॉस्टिक सोडा. दहा लिटर पाण्यात 200 ग्रॅम, अर्धा तास तरी ओला राहील असा. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. अॅल्युमिनियमची भांडी तो खातो.

पुन्हा डुकरे भरायची ती खात्याच्या परवानगीनेच. आधी प्रत्येक गाळ्यात एखादे पिल्लू सोडतात आणि त्याचे रक्त तपासतात. ती पिल्ले एकाच कोपऱ्यात ठेवली, तर बाकीचे गाळे तपासलेच जात नाहीत.