या चुका टाळा: गरोदरपणातला मधुमेह आणि घरची शुगर तपासणी

गरोदरपणातल्या मधुमेहात घरच्या तपासणीची उद्दिष्टं मोजकीच असतात. उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवण सुरू केल्यापासून एका तासाने १४० च्या खाली, किंवा दोन तासांनी १२० च्या खाली. हे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधले. मीटर मिलिमोलमध्ये दाखवत असेल तर तेच आकडे साधारण ५.३, ७.८ आणि ६.७ होतात. काही ठिकाणी दोन तासांची मर्यादा ६.४ धरतात, म्हणून आपल्या डॉक्टरांनी दिलेला आकडा वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावा. सुरुवातीला दिवसातून चारदा तपासायचं: सकाळी उठल्यावर एकदा आणि तिन्ही मुख्य जेवणांनंतर एकेकदा.

गडबड होते ती हे आकडे कुठल्या वेळेला लावायचे आणि त्यांचा अर्थ काय काढायचा, यात.

घड्याळ जेवण संपल्यावर लावणं

एक तास मोजायचा तो पहिल्या घासापासून. जेवायला अर्धा तास लागला आणि ताट बाजूला केल्यावर घड्याळ लावलं, तर 'एक तासाची' म्हणून लिहिलेली शुगर खरं तर दीड तासाची असते. तोवर ती उतरायला लागलेली असू शकते. आकडा छान दिसतो, पण जेवणानंतरचा चढ नजरेतून सुटतो. पहिला घास घेतानाच मोबाइलवर गजर लावावा.

एक तास की दोन तास, हे एकदा ठरवून तेच पाळावं. आज एका तासाने १३२ आणि उद्या दोन तासांनी १३२ हे दिसायला सारखे आकडे आहेत, पण पहिला उद्दिष्टात बसतो आणि दुसरा बसत नाही. म्हणून वहीत आकड्याशेजारी '१ ता.' किंवा '२ ता.' लिहायलाच हवं. तेलकट, तुपकट जेवण पोटातून सावकाश पुढे सरकतं, त्यामुळे एका तासाला शुगर ठीक आणि दोन तासांना जास्त असंही होतं. तसं जेवण असेल त्या दिवशी दोन्ही वेळा तपासलं तर खरं चित्र दिसतं.

निदानाचे आकडे घरी लावणं

साखरेचं पाणी पिऊन केलेल्या चाचणीच्या अहवालावर १८० किंवा १५३ असे आकडे छापलेले असतात. ते निदान करण्यासाठी आहेत. नाश्त्यानंतर १६५ आली आणि '१८० च्या आत आहे' म्हणून सोडून दिली, तर वाढलेली शुगर आठवडेच्या आठवडे तशीच राहते. ती नाळेतून बाळापर्यंत पोचते, बाळाचं शरीर त्यावर जास्त इन्सुलिन तयार करतं आणि बाळाची चरबी व वजन वाढतं. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारं एचबीए१सी चांगलं आलं म्हणून घरची तपासणी बंद करणं हीसुद्धा याच जातीची चूक. गरोदरपणात तांबड्या पेशी लवकर बदलतात, त्यामुळे तो आकडा मुळातच कमी दिसतो आणि जेवणानंतरचे चढ त्यात कळत नाहीत.

उपाशीपोटीची शुगर वाढली म्हणून रात्रीचं जेवण टाळणं

ही चूक सर्रास होते आणि त्रासही हीच जास्त देते. जेवणानंतरची शुगर मुख्यतः त्या जेवणातल्या कर्बोदकांवर अवलंबून असते. उपाशीपोटीची शुगर मात्र रात्रभर यकृत रक्तात किती साखर सोडतं, यावर ठरते. नाळेच्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा यकृतावरचा लगाम सैल झालेला असतो. रात्री न जेवल्याने तो घट्ट होत नाही. उलट उपास लांबतो, शरीर चरबी जाळायला लागतं आणि लघवीत कीटोन दिसू शकतात.

एक उदाहरण पाहू. एकोणतिसाव्या आठवड्यातल्या एका बाईची तीन दिवसांची वही अशी आहे: उपाशीपोटी ८८, ९१, ९०. नाश्त्यानंतर एका तासाने १५८, १५१, १६२. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर सगळे आकडे १२० ते १३५ मध्ये. म्हणजे बिघाड फक्त नाश्त्यात आहे. सकाळी इन्सुलिनला होणारा विरोध जास्त असतो, त्यामुळे दुपारी सहज पचणारं खाणं सकाळी भारी पडतं. तिच्या नाश्त्यात ब्रेडच्या तीन स्लाइस आणि ग्लासभर फळांचा रस आहे, मिळून साधारण ७० ग्रॅम कर्बोदकं. रस बंद केला, स्लाइस दोन ठेवल्या, जोडीला दोन अंडी घेतली आणि खाल्ल्यावर पंधरा मिनिटं चाललं. आता कर्बोदकं साधारण ३० ग्रॅम, आणि पुढचे आकडे १३४, १२९, १३८. बाकीच्या जेवणांना हात लावायची गरजच पडली नाही.

तेहेतिसाव्या आठवड्यात तिच्या उपाशीपोटीच्या शुगर ९७, ९९, १०१ येतात, जेवणानंतरच्या मात्र ठीक आहेत. इथे नाश्ता आणखी कापून काही मिळणार नाही. आधी रात्रीचं जेवण आणि सकाळची तपासणी यांत किती तास जातात ते पाहावं. बारा-तेरा तास जात असतील तर झोपताना प्रथिनं असलेलं थोडं खाणं घेऊन, जेवणानंतर चालून दोन-तीन दिवस पाहता येतं. तरीही आकडे ९५ च्या वरच राहिले तर डॉक्टरांना कळवायचं. अशा वेळी बहुतेकदा झोपतानाचं इन्सुलिन सुरू करतात, कारण ते रात्रभर यकृतावर काम करतं. जेवणानंतरची शुगर आहाराने आटोक्यात येत नसेल तर इन्सुलिन त्या जेवणाआधी देतात. वहीतला कुठला रकाना वर आहे, त्यावरून औषधाची वेळ ठरते. म्हणूनच चार आकड्यांची सरासरी काढून 'शुगर साधारण ११५ असते' असं सांगण्याचा उपयोग नसतो.

एखाद्या दिवशी एकच आकडा वर गेला तर शेजारी काय खाल्लं ते लिहून पुढे जावं. आठवड्यात एकाच वेळेचा आकडा दोन-तीनदा वर गेला तर पुढच्या भेटीची वाट न पाहता फोन करावा.

न धुतलेलं बोट

फळ सोललेल्या बोटातून थेंब काढला तर मीटर त्यावरची साखरही मोजतं आणि आकडा भलताच वाढतो. नुसतं स्पिरिट लावून ती साखर नीट जात नाही. साबणाने हात धुवावेत आणि पूर्ण कोरडे करावेत, कारण ओल्या बोटावर रक्त पातळ होऊन आकडा कमी येतो. स्ट्रिपची डबी उघडी राहिली किंवा उन्हात तापली तरी आकडे बिघडतात. मीटर नीट चालत असलं तरी प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा साधारण १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो असं धरलेलं असतं, म्हणून ९४ आणि ९६ मधल्या फरकावरून घाबरू नये. रक्तक्षय बराच असेल तर काही मीटर शुगर जास्त दाखवतात. तपासणीला जाताना मीटर सोबत नेऊन त्याच वेळी ताडून घ्यावं.

कमी आकड्याकडे दुर्लक्ष

इन्सुलिन घेणाऱ्यांनी ७० च्या खालचा आकडा 'छान' समजू नये. लगेच १५ ग्रॅम साखर पाण्यातून घ्यावी, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. शेवटच्या आठवड्यांत तोच डोस, तेच जेवण असूनही शुगर अचानक वारंवार उतरायला लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावं. इन्सुलिनची गरज एकदम घटणं हे कधी कधी नाळेचं काम मंदावल्याचं लक्षण असतं, आणि बाळाची हालचालही कमी वाटत असेल तर थेट रुग्णालयात जावं.