आरतीचं निरूपण लिहायला बसताय? आधी दंड पुसा

गणेशोत्सवात कोल्हापुरातल्या पेठांमधली मंडळं व्याख्यानं ठेवतात. त्यासाठी ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ ही समर्थ रामदासांची आरती ओळीओळीने उलगडायची ठरवलीत, तर विषय चांगला निवडलात. एक मात्र आधीच सांगतो: समोरच्या प्रत्येकाला ही आरती पाठ असते, आणि खरी अडचण तिथेच आहे. लहानपणापासूनची चाल कानात बसलेली असते. चाल जिथे थांबते तिथे वाक्यही संपलं, असं लिहिणाऱ्यालाही वाटतं.

पहिल्या दोन ओळी बघा. ‘सुखकर्ता दुःखहर्ता वार्ता विघ्नाची । नुरवी पुरवी प्रेम कृपा जयाची ॥’ ओळीनुसार निरूपण लिहायचं म्हणून मी वहीच्या एका पानावर फक्त पहिली ओळ उतरवून बसलो होतो. सुखकर्ता कळला, दुःखहर्ता कळला. पुढे ‘वार्ता विघ्नाची’ म्हणजे काय? देव विघ्नाची बातमी आणतो? विघ्नाची वार्ता ऐकून धावून येतो? काहीही लिहिलं तरी ते ओढूनताणून वाटायचं. दुसऱ्या ओळीतला ‘नुरवी’ही तसाच लोंबकळत राहिला: उरवत नाही, पण काय?

आमच्या ओळखीचे एक निवृत्त मराठीचे शिक्षक आहेत. वही बघून त्यांनी एवढंच विचारलं, “क्रियापद कुठं हाय?” तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. निरूपणासाठी मार्गदर्शक शोधायचा तर व्याकरण शिकवलेला माणूस शोधा. सभा कशी धरायची हे कीर्तनकारांकडून जरूर शिका, पण ते नंतर.

ते शिक्षक सांगतात ती रीत अशी. कडवं लिहून काढा आणि मधले सगळे दंड, म्हणजे ओळींच्या शेवटच्या उभ्या रेघा, पुसा. मग क्रियापदांखाली रेघ मारा. इथे ती दोन आहेत, ‘नुरवी’ आणि ‘पुरवी’. प्रत्येकाला कोण आणि काय असे दोन प्रश्न विचारा. काय उरवत नाही? विघ्नाची वार्ता. काय पुरवते? प्रेम. हे कोण करतं? ‘कृपा जयाची’. आता गद्यात मांडा: ज्याची कृपा विघ्नाची वार्तासुद्धा उरू देत नाही आणि प्रेम पुरवते, तो सुखकर्ता, तो दुःखहर्ता. पहिल्या ओळीचं क्रियापद दुसऱ्या ओळीत आहे आणि कर्ता तर दुसरीच्या अगदी टोकाला. म्हणून या दोन ओळींचं निरूपण एकत्रच करावं लागतं. कार्यक्रमपत्रिकेवर ‘ओळीओळीने’ छापलं असलं तरी.

हा अन्वय, म्हणजे शब्दांची गद्याच्या क्रमाने केलेली जुळणी, जमला की नाही याची खूण सोपी आहे: एकही शब्द बेकार राहता कामा नये. एखादा उरला की समजा, वाक्य चुकीच्या जागी तोडलंय. अशा वेळी उरलेल्या शब्दाला गूढार्थ चिकटवण्याचा मोह होतो. तो टाळाच. सोंडेचा, शेंदराचा आध्यात्मिक अर्थ सांगायला हरकत नाही, पण अन्वय झाल्यावर. मोबाइलवर फिरणारे तयार अर्थ मी वापरत नाही, कारण त्यात ही पायरीच गाळलेली असते.

घाबरू मात्र नका, प्रत्येक ओळ अशी नाही. पुढची ‘सर्वांगी सुंदर उटी शेंदुराची’ ओळीतच पूर्ण होते. तिथे प्रश्न वेगळा: ‘सुंदर’ कोण? सर्वांगाने सुंदर असा देव, की सर्वांगावरची सुंदर उटी? दोन्ही अर्थ बसतात. लिखाणात एक धरून चाला, दुसरा एका वाक्यात सांगा आणि पुढे जा. सभेत दोन्ही बाजू लढवत बसलात तर लोक चुळबुळ करतात.

शेवटच्या कडव्यात लंबोदर, पीतांबर, फणिवरबंधना, वक्रतुंड, त्रिनयना अशा हाका आहेत. फणिवरबंधना म्हणजे नागाचा बंध कमरेला बांधलेला. बरेच जण ‘फळीवर वंदना’ म्हणतात, तेव्हा हे हळुवार सांगा, कुणाला खजील करू नका. हाकांवर हाका झाल्यावर वाक्य येतं: ‘दास रामाचा वाट पाहे सदना’. मोठ्याने वाचताना हाका एका दमात घ्या आणि इथे थांबा, म्हणजे हाक मारणारा कोण ते ऐकणाऱ्याला आपोआप कळतं.

‘संकटी पावावे’ की ‘संकष्टी पावावे’ हे सभेत कुणीतरी विचारणारच. मी ‘संकटी’ घेतो, कारण लगेच पुढे ‘निर्वाणी रक्षावे’ आहे. संकटात पाव आणि अगदी शेवटच्या, निर्वाणीच्या वेळी राख, अशी ती चढती जोडी आहे. ‘संकष्टी’ म्हटलं की लोकांचं मन चतुर्थीच्या उपवासाकडे जातं आणि जोडी सुटते. कोणता पाठ घेतलाय ते व्याख्यानाच्या सुरुवातीलाच सांगून टाका.